एका फोटोबरोबर काय काय बाहेर जातं: शाळेच्या, क्लासच्या वेबसाइटवर मुलांचे फोटो, नावं आणि पालकांची परवानगी

समजा रिझल्ट लागलाय आणि एका क्लासच्या वेबसाइटवर अभिनंदनाची पोस्ट पडलीये. फोटोत आठवीतली एक मुलगी, हातात सर्टिफिकेट, अंगावर शाळेचा युनिफॉर्म, खिशावर शाळेचा लोगो, मागे क्लासचा बोर्ड. खाली तिचं पूर्ण नाव, शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी, मार्क, आणि शेवटी एक ओळ, "आमच्या सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी ५ ते ७ बॅचची विद्यार्थिनी". टाकणाऱ्याच्या मनात कौतुकाशिवाय काहीच नाहीये, मुलगी खूश, घरचेही खूश.

आता हीच पोस्ट तिला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचा. चेहरा कळला, नाव कळलं, आडनावावरून आईवडिलांचे सोशल मीडिया प्रोफाइल सापडतील, दिवसा ती कुठल्या शाळेत असते ते कळलं, आणि आठवड्यातून तीन दिवस बरोब्बर ७ वाजता ती कुठल्या दारातून बाहेर पडते तेही कळलं. यातली एकेक गोष्ट सुटी असती तर फारसं बिघडलं नसतं. नुसता चेहरा बघून सहसा कोणी फारसं काही करू शकत नाही, नुसतं नाव कळूनही नाही. सगळं एकाच जागी, एकमेकांना जोडून ठेवलं की मग मात्र अवघड होतं. मुलांना आपण शिकवतो की अनोळखी माणसाशी बोलू नकोस, पण जो माणूस नावाने हाक मारतो, शाळा सांगतो, "तुला मिळालेलं सर्टिफिकेट बघितलं हां" म्हणतो, तो मुलाच्या डोक्यात अनोळखी राहतच नाही.

आणि सगळ्या मुलांना धोका सारखा नसतो, हे नीट समजून घ्यायला हवं. बहुतेकांच्या बाबतीत अशा पोस्टमुळे काही होणार नाही. पण वर्गात एखादं मूल असं असतं की ज्याच्या आईने त्रासाला कंटाळून घर सोडलंय आणि पत्ता लपवून ठेवलाय, किंवा कोर्टाने एका पालकाला मुलाला भेटायला मनाई केलीये, किंवा मूल दत्तक घेतलेलं आहे आणि आधीच्या कुटुंबाला त्याचा ठावठिकाणा कळू नये अशी काळजी घेतली जातेय. अशा मुलासाठी शाळेच्या नावासकट एक फोटो म्हणजे थेट पत्ता. आणि शाळेला हे बऱ्याचदा माहीतच नसतं, कारण अशा गोष्टी कोणी ॲडमिशनच्या काउंटरवर सांगत नाही. म्हणून "आमच्याकडे सगळे चांगल्या घरातले आहेत, कोणाची हरकत नसते" हे वाक्य मला पटत नाही. ज्याला हरकत असते तो बऱ्याचदा गप्प असतो.

यावर जगभरच्या बऱ्याच शाळा एक साधा नियम पाळतात. फोटो असेल तर नाव नको, नाव असेल तर फोटो नको. याच पोस्टवर लावून बघू. फोटो ठेवायचा असेल तर खाली लिहायचं "आमच्या आठवीच्या एका विद्यार्थिनीला यंदा स्कॉलरशिप मिळाली", बस. नाव लिहायचंच असेल तर फोटोत सर्टिफिकेट धरलेले नुसते हात घ्यायचे, आणि नावातही फक्त पहिलं नाव. पण सर्टिफिकेटवर पूर्ण नाव आणि सीट नंबर छापलेला असतो आणि फोन आता इतके भारी फोटो काढतात की झूम करून तो आरामात वाचता येतो, तर ते उलटं धरायचं नाहीतर फ्रेमच्या बाहेर ठेवायचं. बॅचची वेळ आणि वार मुलाच्या फोटोखाली कधीच नको, ते वेळापत्रकाच्या पानावर असतंच. आणि पूर्ण कौतुक, नाव-मार्क-फोटोसकट, मुलाच्या घरी वेगळं पाठवा, क्लासच्या आतल्या बोर्डवर लावा, तिथे ते बघणारे ओळखीचेच असतात.

इथपर्यंत बऱ्याच जणांना कळतं. गडबड पुढे होते, कारण पानावर जे दिसतं त्याच्यापेक्षा जास्त वेबसाइटच्या पोटात असतं.

नाव लपून बसतं त्या जागा

कॅप्शनमधून नाव काढलं तरी फोटोच्या फाइलचं नाव तेच राहतं. ऑफिसमधल्या ताईंनी सोयीसाठी फोटो सेव्ह करतानाच फाइलला मुलीचं पूर्ण नाव आणि `8A` असं दिलेलं असतं, आणि हे नाव फोटोच्या लिंकमध्ये जसंच्या तसं येतं. सर्च इंजिन फाइलचं नाव वाचतं. दुसरी जागा म्हणजे फोटोला दिलेला ऑल्ट टेक्स्ट, जो दिसत नाही पण स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी असतो आणि तोही सर्च इंजिन वाचतं. ऑल्ट टेक्स्ट काढून टाकू नका, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तो गरजेचा आहे, फक्त त्यात "सर्टिफिकेट घेताना विद्यार्थिनी" एवढंच लिहा. मग पोस्टची लिंक. वर्डप्रेससारख्या सिस्टीममध्ये पहिल्यांदा जे शीर्षक दिलं त्यावरून लिंक बनते, नंतर शीर्षक बदललं तरी लिंक आपोआप बदलत नाही, ती हाताने बदलावी लागते. म्हणजे पानावर "एका विद्यार्थिनीचं यश" आणि वर ॲड्रेस बारमध्ये तिचं आख्खं नाव, असं होतं.

फाइलला मुलीचं नाव नको म्हणून फोनने दिलेलं नाव तसंच ठेवलं तरी तपासा. बऱ्याच फोनमध्ये ते `IMG_20250614_190512.jpg` असं असतं, म्हणजे १४ जून २०२५, संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटं १२ सेकंद. रोजच्या फोटोंची अशी नावं असली की मुलं कधी कुठे असतात ते ओळीने वाचता येतं. `result-01.jpg` असं काहीतरी निरर्थक नाव द्या.

आणि पीडीएफ. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण फोटोंबद्दल निदान चर्चा होते, पीडीएफकडे कोणी बघतच नाही. ॲडमिशनची यादी, रिझल्ट शीट, सहलीची यादी, वेबसाइटवर टाकून देतात, त्यात नाव, जन्मतारीख, कधी कधी पालकांचा मोबाइल नंबरसुद्धा. पेज मेन्यूतून काढलं की यादी गेली असं समजतात, पण फाइल सर्व्हरवर असतेच आणि सर्चमध्येही येत राहते. काही जण नंबरांवर काळी पट्टी ओढून पीडीएफ बनवतात, पण पट्टी नुसती वर ठेवलेली असेल तर खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट केला की सगळा बाहेर येतो. स्वतः करून बघा, एका मिनिटाचं काम आहे. जे दाखवायचं नाही ते मूळ फाइलमधून खोडूनच पीडीएफ बनवायची.

फोटोच्या आत लिहिलेला पत्ता

फोन फोटो काढतो तेव्हा चित्राबरोबर एक छोटी नोंद फाइलमध्ये ठेवतो, तिला एक्झिफ म्हणतात. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. शाळेत काढलेल्या फोटोत शाळेचंच लोकेशन असणार, ते तर सगळ्यांना माहीत आहे, असं वाटेल. पण "घरी बनवलेल्या प्रोजेक्टचा फोटो पाठवा" म्हटल्यावर पालक जो फोटो पाठवतात त्यात घराचं लोकेशन असतं, आणि ते बिल्डिंग ओळखता येईल इतकं नेमकं असू शकतं.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही लोकेशनची नोंद निघून जाते. पण क्वालिटी खराब होते म्हणून बरेच जण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी जाते, नोंदीसकट. ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवलं तरी तेच.

बघायचं कसं, तर कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथे जीपीएस असा भाग दिसला तर लोकेशन आहे. वेबसाइट सांभाळणाऱ्याने `exiftool` नावाचं फुकट टूल वापरावं. आधीच अपलोड झालेल्या फोटोंपैकी कशाकशात लोकेशन आहे ते असं शोधता येतं:

```
exiftool -r -if '$GPSLatitude' -p '$Directory/$FileName' uploads/
```

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सिंगल कोट्सच्या जागी डबल कोट्स लागतात. आणि नवीन फोटो टाकायच्या आधी साफ करायला:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -orientation photo.jpg
```

यात `-orientation` परत ठेवलंय ते मुद्दाम, कारण फोन आडवा की उभा धरला होता तेही याच नोंदीत असतं, ते पुसलं की फोटो आडवा पडतो आणि मग वैतागून कोणीतरी मूळ फाइलच अपलोड करून टाकतं. हे टूल `photo.jpg_original` नावाने जुनी प्रत बाजूला ठेवतं, ती चुकूनही सर्व्हरवर जाऊ देऊ नका.

"पण वेबसाइट फोटो छोटा करते ना, मग नोंद आपोआप जात असेल" असं म्हणणारे भेटतात. यावर विसंबून राहू नका. वर्डप्रेसचंच घ्या, एक फोटो टाकला की ते त्याच्या वेगवेगळ्या साइझच्या बऱ्याच फाइली बनवतं, १५० पिक्सेलच्या चौकोनापासून पुढे, आणि फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर पानावर वापरायला `-scaled` अशी वेगळी प्रत करतं. पण तुम्ही टाकलेली मूळ मोठी फाइल सर्व्हरवरच राहते, आणि लिंकमधून `-scaled` एवढं काढलं की कोणालाही उघडता येते. फक्त पानावरचा फोटो डाउनलोड करून "लोकेशन नाहीये" म्हणणं म्हणून अपुरं आहे, मूळ फाइलही तपासायची.

चेहरा झाकण्याचंही असंच. ग्रुप फोटोत एका मुलाचा चेहरा ब्लर करायचा असेल तर हलका ब्लर कामाचा नाही, ओळखीच्या माणसाला केस, उंची, बाजूचे मित्र यावरून कळतंच. सरळ क्रॉप करा किंवा पूर्ण भरीव रंगाने झाका आणि नवीन जेपीजी म्हणून सेव्ह करा. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेलं चित्र आत पूर्णच राहतं, फाइल ज्याच्याकडे जाईल तो क्रॉप उलटवू शकतो.

आता परवानगी

बऱ्याच ठिकाणी ॲडमिशन फॉर्मच्या शेवटी, फी आणि नियमांच्या खाली एक ओळ असते, "संस्थेने माझ्या पाल्याचे फोटो वापरण्यास माझी हरकत नाही", आणि खाली सगळ्या फॉर्मसाठी एकच सही. याला परवानगी म्हणणं कठीण आहे. सही केली नाही तर ॲडमिशनच होणार नाही, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. कुठे वापरणार ते लिहिलेलं नाही, म्हणजे वर्गातल्या भिंतीवर की जाहिरातीच्या फ्लेक्सवर. नावासकट की नावाशिवाय ते नाही. आणि किती वर्षं तेही नाही, म्हणजे मुलगी इंजिनिअर झाली तरी आठवीतला फोटो तिथेच.

कायद्याचा रोखही तोच आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. युरोपच्या जीडीपीआरमध्येही संमती मागे घेण्याबद्दल हेच म्हटलंय. वयाची रेषा देशोदेशी वेगळी आहे, अमेरिकेचा मुलांच्या ऑनलाइन माहितीचा कायदा १३ वर्षांखालच्यांसाठी आहे. पण आठवीच्या मुलीच्या फोटोसाठी पालकांना विचारायचं हे कायद्याच्या आधी साध्या रीतीचं आहे.

मी फॉर्म लिहायला बसलो तर तो असा असेल, वेगळ्या कागदावर, ॲडमिशनपासून सुटा:

"हा फॉर्म भरणं ऐच्छिक आहे. सगळ्याला 'नाही' म्हटलंत तरी प्रवेश, बक्षीस, कार्यक्रमातला सहभाग यावर काहीही परिणाम होणार नाही. प्रत्येक ओळीसमोर हो किंवा नाही लिहा.
वेबसाइटवर ग्रुप फोटो, नावाशिवाय.
वेबसाइटवर एकट्याचा फोटो, नावाशिवाय.
वेबसाइटवर फक्त पहिलं नाव, फोटोशिवाय.
सोशल मीडिया पेजवर फोटो किंवा व्हिडिओ.
जाहिरातीत फोटो.
ही परवानगी या शैक्षणिक वर्षापुरती आहे. वर्ष संपल्यावर फोटो काढले जातील किंवा पुन्हा विचारलं जाईल. कधीही 'काढा' असा मेसेज या नंबरवर पाठवा, कारण सांगायची गरज नाही. इंटरनेटवर टाकलेला फोटो कोणी आधीच डाउनलोड केला असेल तर तो आम्ही परत आणू शकत नाही.
मुलाची ओळख किंवा ठिकाण गुप्त राहावं असं काही कारण असेल तर इथे फक्त 'हो' लिहा, तपशील नको."

शेवटची ओळ त्या गप्प असलेल्या पालकांसाठी आहे. त्यांना चार लोकांसमोर कोर्टाची गोष्ट सांगावी लागत नाही, आणि तुम्हाला कळतं की या मुलाचा फोटो कुठेच, ग्रुपमध्येसुद्धा, जायला नको. डाउनलोडची ओळही गाळू नका, पालकांना ती वाचून नाही म्हणावंसं वाटलं तर तो त्यांचा हक्कच आहे.

रिकामी ओळ म्हणजे 'नाही'. "दोन दिवसांत हरकत कळवली नाही तर संमती समजू" असा मेसेज ग्रुपवर टाकणं म्हणजे परवानगी नाही, त्या दोन दिवसांत कोणी आजारी असेल, कोणाचा फोन बंद असेल. आणि आधीच 'हो' वर टिक करून ठेवलेला ऑनलाइन फॉर्मही नको.

सही पालकांचीच आहे हे कळायचं कसं? मुलाच्या हाती कागद दिला आणि बाकावर बसूनच मुलाने सही केली, असं होतं. ऑनलाइन फॉर्म असेल तर लिंक मुलांच्या ग्रुपवर नका टाकू, ॲडमिशनच्या वेळी नोंदवलेल्या पालकांच्या नंबरवर पाठवा आणि त्याच नंबरवरून कोड घेऊन पक्कं करा. कागद असेल तर पालक सभेत समोर भरून घ्या. आईने हो म्हटलं आणि वडिलांनी नाही, असं झालं तर 'नाही' धरा, कोण बरोबर ते ठरवणं हे शाळेचं काम नाही.

गुगल फॉर्म वापरत असाल तर उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवायची जी सेटिंग आहे ती बंद आहे ना ते नक्की बघा, नाहीतर एका पालकाने भरलं की त्याला बाकीच्यांची उत्तरंही दिसतात, आणि त्यात कोणी गुप्ततेच्या ओळीत 'हो' लिहिलंय तेही. उत्तरांची शीटही "लिंक असलेल्या कोणालाही" अशी शेअर केलेली नको.

पालकांनी हो म्हटलं तरी फोटो काढताना मुलाला विचारा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या दिसण्याबद्दल फार वाटत असतं, बक्षीस मिळालं तरी फोटो नको असतो. मूल नाही म्हणालं तर नाही. पण उलटं चालत नाही, मूल हो म्हणालं म्हणून पालकांचं नाही रद्द होत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

फॉर्म फाइलमध्ये आणि फोटोग्राफर स्टेजसमोर, या दोघांची भेटच होत नाही आणि तिथे सगळं फसतं. 'नाही' असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडे त्या दिवशी हातात हवी. मुलांच्या शर्टावर लाल स्टिकर लावून वेगळं काढण्याची पद्धत मला अजिबात आवडत नाही, मूल दिवसभर "मला का?" विचारत बसतं आणि सगळ्यांना कळतंही. त्यापेक्षा प्रत्येक ग्रुपचे दोन फोटो काढा, एक सगळ्यांचा जो फक्त घरी द्यायचा, आणि दुसरा काढताना शिक्षकांनी सहज दोघा-तिघांना "जरा तिकडचं सामान आवरायला ये" म्हणून बोलवायचं, त्यात ज्यांची हरकत नाही असेही एक-दोघं असू देत म्हणजे कोणाचं लक्ष जात नाही. बक्षीस मात्र प्रत्येकाला स्टेजवर, सगळ्यांबरोबर.

आणि खूप फोटोंत चेहरा लागतच नाही. पाठमोरी मुलं फळ्याकडे बघतायत, हात मॉडेल जोडतायत, मैदानावर लांबून धावणारी मुलं, वेबसाइटला असे फोटो छान दिसतात. युनिफॉर्मवरचा लोगो, आयकार्ड, वहीवरचं लेबल, एवढं फक्त फ्रेममध्ये बघून घ्यायचं.

टाकणारा एक आणि यादीशी पडताळणारा दुसरा, अशी दोन माणसं ठेवा. ज्याने फोटो काढलाय त्याला मागच्या रांगेतलं मूल दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं.

काही शाळा म्हणतात आम्ही गॅलरीला पासवर्ड लावलाय. चांगलंच आहे, पण एकदा तपासा. पासवर्ड लावलेल्या पानावरच्या एका फोटोवर राइट क्लिक करून त्याची लिंक कॉपी करा आणि इनकॉग्निटो विंडोत लॉगिन न करता उघडा. वर्डप्रेसच्या साध्या पासवर्डने फक्त पान झाकतं, फोटोची फाइल झाकत नाही, ती लिंकने उघडते. उघडली तर पासवर्डचा अर्धाच उपयोग आहे. तसंच `uploads` फोल्डरची लिंक उघडून बघा, फाइलींची यादी दिसली तर होस्टिंगवाल्याला सांगून डिरेक्टरी लिस्टिंग बंद करून घ्या. अपाचे सर्व्हर असेल तर `.htaccess` मध्ये ही ओळ लागते:

```
Options -Indexes
```

`robots.txt` मध्ये गॅलरीचा पत्ता लिहून ठेवला म्हणजे ती लपली, असं समजू नका. ती फाइल कोणीही वाचू शकतं, त्यामुळे उलट पत्ता जाहीर होतो, आणि ती फक्त सर्च इंजिनला केलेली विनंती असते.

"फोटो काढा" असा मेसेज आला की

परत त्या आठवीच्या मुलीकडे येऊ. सहा महिन्यांनी आईचा मेसेज आला, फोटो काढून टाका. कारण विचारायचं नाही, आणि शक्यतो त्याच दिवशी काढायचा.

पहिलं, पोस्टमधून फोटो काढला की काम झालं असं नाही. पोस्टमधून काढलेला फोटो मीडिया लायब्ररीत तसाच राहतो आणि त्याची लिंक चालू राहते. तिथे जाऊन कायमचा डिलीट करायचा, मग त्या सगळ्या साइझच्या प्रतीही जातात. पण डिलीट करण्याआधी फोटोची लिंक कॉपी करून ठेवा, नंतर तपासायला लागते. मग वेबसाइटचा कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, रिकामा करा, साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सीडीएन सेवा वापरत असाल तर तिथलाही, आणि कॉपी केलेली लिंक इनकॉग्निटोमध्ये उघडा. फोटो दिसला तर कुठेतरी अजून आहे.

दुसरं, तोच फोटो अजून कुठे वापरलाय ते शोधा. होमपेजचा स्लायडर, वार्षिक अंकाचा पीडीएफ, सोशल मीडिया पेज, यूट्यूबच्या व्हिडिओची थंबनेल. सर्चमध्ये तुमच्या डोमेनपुढे मुलीचं नाव टाकून बघा, मराठीत एकदा आणि इंग्रजी स्पेलिंगने एकदा:

```
site:example.com "मुलीचं नाव"
```

तिसरं, सर्च इंजिन. फाइल गेली तरी सर्चमध्ये जुना छोटा फोटो काही दिवस दिसत राहतो. वेबसाइटचं गुगल सर्च कन्सोल तुमच्याकडे असेल तर त्यातल्या रिमूव्हल्स टूलमधून लिंक लवकर लपवता येते, पण ते साधारण सहा महिन्यांपुरतंच असतं, म्हणून मूळ फाइल खरंच गेलेली असायला हवी, नाहीतर परत उगवते. आणि शाळा उत्तरच देत नसेल तर पालक थेट गुगलला १८ वर्षांखालच्या मुलाचा फोटो सर्च रिझल्टमधून काढायची विनंती करू शकतात, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. त्याने फोटो फक्त सर्चमधून जातो, वेबसाइटवर राहतोच, म्हणून शाळेच्या मागे लागणं सोडू नका.

चौथं, बॅकअप. होस्टिंग कंपनी ठरावीक दिवसांचे बॅकअप ठेवते, त्यात तो फोटो असतो. पुढे कधी साइट बंद पडली आणि जुना बॅकअप चढवला की काढलेले सगळे फोटो परत येतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून काढलेल्या लिंकांची एक छोटी यादी ठेवा, त्यात मुलाचं नाव नको, नुसती लिंक आणि तारीख, आणि बॅकअप चढवला की पहिल्यांदा ती यादी उघडून त्या लिंका परत डिलीट करा.

पाचवं, आईला उत्तर. "काढलं" एवढंच नको, कारण तिला पुढे कुठे शोधायचं ते कळायला हवं. असं काहीतरी:

"नमस्कार ताई, तुमच्या मुलीचा फोटो वेबसाइटवरून, आमच्या सोशल मीडिया पेजवरून आणि वार्षिक अंकाच्या पीडीएफमधून आज काढला आहे. सर्चमधून काढायची विनंतीही आज टाकली आहे, तिथे तो काही दिवस दिसू शकतो, आम्ही पुढच्या सोमवारी परत तपासून तुम्हाला कळवू. होस्टिंगच्या बॅकअपमधली प्रत ३० दिवसांनी आपोआप जाईल. पोस्ट काही पालकांनी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केली होती, ती आम्हाला परत घेता येत नाही, पण ग्रुपवर कोणाचंही नाव न घेता जुन्या पोस्ट पुढे पाठवू नका असा मेसेज टाकला आहे. यापुढे तिचा फोटो कुठेही न वापरण्याची नोंद वर्गशिक्षकांकडे दिली आहे."